सोन्याच्या फंडाचा साठा घटला म्हणजे काय?

दावा: "एसपीडीआर गोल्डचं सोनं कमी झालं, मागणी संपली, आता भाव पडणार."

खुलासा: एसपीडीआर गोल्ड हा तिजोरीत सोनं ठेवून त्यावरचे युनिट शेअर बाजारात आणणारा अमेरिकी फंड. हे युनिट बाजारात हातोहात फिरले तर साठा हलत नाही. मोठे दलाल लाख-लाख युनिटच्या गठ्ठ्याने ते फंडाला परत करतात, तेव्हाच तिजोरीतलं सोनं बाहेर पडतं. शिवाय वार्षिक ०.४० टक्के खर्च सोनं विकूनच भागतो. ९०० टनांवर महिन्याला सुमारे ०.३ टन. एवढी घट विक्री समजू नका. बघायचे ते टन, डॉलरमधलं मूल्य नव्हे. ते भावानेही फुगतं.

आणि खरी विक्री असली तरी? २०२४ च्या सुरुवातीला पाश्चात्त्य फंडांतून सोनं बाहेर जात होतं, तरी मार्चमध्ये भावाने उच्चांक गाठला. मध्यवर्ती बँकांची खरेदी या आकड्यात दिसतच नाही, आपल्या सराफकट्ट्यावरचीही नाही.