भटजींना बोलावलं नाही, तरी दक्षिणा द्या!

एकोणिसाव्या शतकातल्या सुधारणांवर बोलताना आपण बहुतेक वेळा 'शास्त्रात काय लिहिलंय' याच वादात अडकतो. मला त्याच काळातला एक वेगळा वाद जास्त महत्त्वाचा वाटतो. तो शास्त्रार्थ सभेत झाला नाही, मुनसफाच्या कोर्टात झाला. प्रश्न साधा होता: लग्नाला गावच्या जोशीबुवांना बोलावलंच नाही, तर त्यांची दक्षिणा द्यायची की नाही?

आज हा प्रश्न विनोदी वाटेल. ज्यानं काम केलं नाही त्याला पैसे कशाचे? पण त्या काळी कायदा जोशीबुवांच्या बाजूनं होता, आणि हा कायदा इंग्रजांची कोर्टं राबवत होती.

पाटील, कुलकर्णी, सुतार, न्हावी यांच्याप्रमाणे गावजोशी हेही वतन होतं. पंचांग सांगणं, मुहूर्त काढणं, लग्न लावणं ही त्या घराण्याची वृत्ती. सुगीला धान्य मिळे, कार्यप्रसंगी दक्षिणा. बापाकडून मुलाकडे जाई, भावांत वाटणी होई, मग आलटून पालटून पाळ्या लागत. वृत्ती गहाणही पडत असे. म्हणजे गावातली घरं, त्या घरांतले जन्म, लग्नं, मर्तिकं ही एका कुटुंबाची मिळकत होती. शेताला जशी हद्द असते तशी या मिळकतीलाही होती: अमुक गाव अमुक जोश्याचं.

पेशवाई गेली, इंग्रजांचा अंमल आला, पण ही मिळकत बुडाली नाही. उलट तिला नवं कायदेशीर हाड मिळालं. मुंबई हायकोर्टानं 1860 आणि 70च्या दशकांत अशा वंशपरंपरागत वृत्तींना स्थावर मालमत्तेच्या रांगेत बसवलं. त्यासाठी आधार घेतला तो याज्ञवल्क्यस्मृतीतल्या 'निबंध' या कल्पनेचा. या स्मृतीवरच्या मिताक्षरा या भाष्यात निबंधाचं उदाहरण आहे पानांच्या भाऱ्यांचं: दर भाऱ्यामागे इतकी पानं अमक्याला द्यायची, असा ठरवून दिलेला कायमचा हक्क. हजारेक वर्षांपूर्वीच्या टीकेतलं हे विड्याच्या पानांचं उदाहरण विलायतेहून आलेल्या न्यायाधीशांनी उचललं, आणि त्यातून कुणब्याच्या लग्नाच्या दक्षिणेला जमिनीसारखा दर्जा मिळाला. मला तर हे त्या शतकातलं सगळ्यात विलक्षण अर्थांतर वाटतं. इंग्रजांनी धर्मात ढवळाढवळ केली, असं आपण ऐकत आलो. इथे तर त्यांनी धर्माधिकाराला दिवाणी कोर्टाचं संरक्षण दिलं.

व्यवहारात याचा अर्थ काय, ते पाहा. समजा एका शेतकऱ्यानं मुलीच्या लग्नाला गावचा जोशी सोडून दुसऱ्याच ओळखीच्या भिक्षुकाला बोलावलं. गावजोशी त्याला अडवू शकत नव्हता, 'माझ्याकडूनच लग्न लाव' अशी सक्ती कोर्टही करत नव्हतं. पण तो दावा लावू शकत होता, की माझ्या हक्काची दक्षिणा या यजमानाकडून वसूल करून द्या. 1874च्या एका निकालात हायकोर्टानं हे तत्त्व मान्य केलं. कोर्टात मग कुणी श्लोक म्हणत नसे. वृत्ती या घराण्याकडे आहे का, पूर्वी दक्षिणा कोण घेत आलं, कागद काय सांगतात, एवढंच पाहिलं जाई. शेतकऱ्याचा मात्र दुहेरी खर्च. एक दक्षिणा ज्यानं लग्न लावलं त्याला, दुसरी ज्याला बोलावलंच नाही त्याला. रक्कम थोडी असेल, पण जोश्यासाठी प्रश्न एका लग्नाचा नव्हता. एकानं दिली नाही आणि ते खपून गेलं, तर उद्या अख्खं गाव देणार नाही.

आता जोतीराव फुल्यांकडे येऊ. 24 सप्टेंबर 1873ला पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन झाला, आणि त्याच वर्षी डिसेंबरात पुरोहिताशिवाय लग्नं लावायला सुरुवात झाली. पाठ्यपुस्तकात हे एका ओळीत येतं, 'साध्या पद्धतीचे विवाह'. 'साधे' या शब्दानं सगळा दंश काढून घेतलाय. ही लग्नं साधी नव्हती, ती एका मिळकतीवरचा हल्ला होती. जोतीराव माळी समाजातले, शेती आणि ठेकेदारी दोन्ही पाहिलेले. त्यांना मंत्रातल्या चुका काढण्यात रस नव्हता, त्यांना हिशेब दिसत होता. 'ब्राह्मणांचे कसब' (1869) वाचा, किंवा 'शेतकऱ्याचा असूड'चं पहिलं प्रकरण. गर्भाधानापासून मेल्यानंतरच्या श्राद्धापर्यंत शेतकऱ्याच्या घरातून काय काय जातं, याची ती यादी आहे. काही विद्वानांना ती कंटाळवाणी वाटते. मला ती जमाखर्चाची वही वाटते, आणि म्हणूनच ती जळजळीत आहे.

त्याच वेळी दुसऱ्या बाजूचे सुधारक काय करत होते? विष्णुशास्त्री पंडितांनी पुनर्विवाहासाठी जिवापाड कष्ट घेतले. 1869मध्ये मुंबईत त्यांच्या पुढाकारानं पुनर्विवाह लागला, तेव्हा बहिष्काराचं वादळ उठलं. पुढच्या वर्षी पुण्यात करवीर पीठाच्या शंकराचार्यांसमोर वाद झाला: बाईला दुसरा नवरा करायची मुभा देणाऱ्या पराशराच्या 'नष्टे मृते' या वचनाचा अर्थ काय, कलियुगात ते लागू का. निकाल सुधारकांच्या विरोधात गेला. त्या माणसांच्या धैर्याबद्दल मला शंका नाही. पण त्यांनी लढाईचं मैदान स्वीकारलं ते समोरच्याचं. निवाडा शास्त्री करणार, शास्त्र त्यांचंच, आणि शेवटचा शब्द पीठाचा. अर्थ बदला, पण अर्थ लावायचा अधिकार कोणाचा, हे विचारायचं नाही. सत्यशोधकांनी नेमकं तेच विचारलं. निर्मिक, म्हणजे जग निर्माण करणारा, आणि माणूस यांच्यामध्ये दलाल कशाला?

बंगालातल्या ब्राह्मोंनी तिसरा रस्ता धरला होता. त्यांच्या चळवळीतून 1872चा विवाह कायदा आला. पण त्याखाली लग्न करायचं तर 'मी हिंदू नाही' (आणि मुसलमान, ख्रिस्ती वगैरेही नाही) असं जाहीर करावं लागे. सत्यशोधकांनी ही वाट धरली नाही. त्यांनी घरात, आप्तांसमोर, मराठीत लग्नं लावली, आणि गावात राहूनच पुरोहिताला वगळलं. गाव सोडून जाणाऱ्याला सूट मिळते, गावात राहून न देणाऱ्यावर दावा होतो. तसंच झालं. जुन्नरजवळच्या ओतूरला बाळाजी कुसाजी पाटलांनी ब्राह्मण न बोलावता कार्य केलं, आणि तिथल्या ब्राह्मणांनी त्यांना कोर्टात खेचलं.

इथे कायद्याची खरी गाठ आहे. आधीचे दावे 'माझ्याऐवजी दुसऱ्याला बोलावलं' असे होते. हक्क डावलला गेला, दुसऱ्यानं माझं काम केलं, म्हणून पैसे. पण दुसरा कुणी भटजी आलाच नसेल तर? जे कर्म वृत्तीचा विषय आहे, ते कर्मच झालं नसेल तर? सत्यशोधकांच्या विधीत होमहवन नाही, संस्कृत मंत्र नाहीत. मग जोश्याचं कोणतं काम हिरावलं गेलं? विरुद्ध बाजूला म्हणता येत होतं, की लग्न तर झालं ना, मग ते या गावातलं लग्न आहे आणि गावातली लग्नं माझी आहेत. एका पक्षाच्या मते हक्क कर्मावर होता, दुसऱ्याच्या मते माणसांवर. जात म्हणजे काय, हे याहून नेमकं क्वचितच कुणी मांडलं असेल.

1887मध्ये जोतीरावांनी मंगलाष्टकांसह पूजाविधीची छोटी पुस्तिका छापली. तीही याच लढ्याचा भाग म्हणून वाचायला हवी. भटजीला नकार दिल्यावर मांडवात उभ्या असलेल्या लोकांनी म्हणायचं काय, हा अगदी व्यावहारिक प्रश्न होता. त्यांनी मंगलाष्टकं वर-वधूच्या तोंडी घातली. वधू बायकांच्या हक्कांविषयी विचारते, वर शब्द देतो. पूर्वी ज्या दोघांचं लग्न, तेच दोघं गप्प असायचे आणि तिसरा बोलायचा. काव्य म्हणून ती मंगलाष्टकं काही ठिकाणी ओबडधोबड आहेत, हे मी जोतीरावांचा चाहता असूनही म्हणतो. पण ती कुणालाही म्हणता येतात, आणि तोच तर मुद्दा.

मर्यादाही होत्या. पुरोहित गेला तरी बहुतेक लग्नं जातीतच होत राहिली. याला ठळक अपवाद जोतीरावांच्याच घरात आहे. 4 फेब्रुवारी 1889ला दत्तक मुलगा यशवंत याचं लग्न हडपसरच्या ग्यानोबा सासणे यांच्या मुलीशी, राधाशी, याच पद्धतीनं झालं. यशवंत हा ब्राह्मण विधवेचा मुलगा, राधा माळी समाजातली. पण चळवळीतल्या किती घरांनी तो कित्ता गिरवला?

कायद्याचा प्रश्न कोर्टात सुटला नाही, तो सुटला विधिमंडळात. मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांनी जोशी वतनाविरुद्ध बिल आणलं. (सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा 1923चा ठराव मांडणारे तेच हे बोले.) 1926मध्ये कायदा झाला, आणि ज्याला बोलावलं नाही त्याला धार्मिक कार्याची दक्षिणा वसूल करता येणार नाही, हे ठरलं. जोतीरावांना जाऊन तेव्हा 36 वर्षं झाली होती.

मधल्या काळात मात्र बरंच काही उलटं वळलं होतं. कोल्हापुरात 1899 नंतर वेदोक्ताचा, म्हणजे वैदिक मंत्रांनी विधी करून घ्यायचा हक्क कोणाला याचा, वाद पेटला. शाहू महाराजांनी राजोपाध्यांचं वतन काढून घेतलं, हे सत्यशोधकांच्या रेषेतच होतं: हक्क सांगता, तर काम करा. पण मागणी काय होती? आमचे विधी वेदोक्त व्हावेत, कारण आम्ही क्षत्रिय. म्हणजे दलाल नको इथून सुरुवात झाली आणि चांगल्या प्रतीचा मंत्र आम्हालाही हवा इथे गाडी आली. 1920मध्ये तर क्षात्रजगद्गुरूंचं स्वतंत्र पीठ उभं राहिलं. राजकारण म्हणून ते मला समजतं. ब्राह्मणी पीठाची मक्तेदारी मोडायला दुसरं पीठ हे प्रभावी हत्यार होतं, आणि ज्याला राज्य चालवायचंय त्याला नुसत्या नकारावर भागत नाही. तरीही जोतीरावांच्या विधीत जी जागा मुद्दाम रिकामी ठेवली होती, तिथे पुन्हा कुणीतरी बसलं. बसणारा आपला होता म्हणून ती जागा बदलली असं मला वाटत नाही. या मुद्द्यावर माझे काही मित्र माझ्याशी कडाडून भांडतील, त्यांनी खाली जरूर भांडावं.