चार्जरचं बटण बंद करून बिल उतरत नाही हो!

मे महिन्याचं लाइट बिल आलं की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दरवर्षी तोच तमाशा. आधी बिलाचा फोटो, मग रडक्या इमोज्यांची रांग, आणि मग दुसऱ्या मजल्यावरच्या काकांचं ब्रह्मज्ञान: "मोबाइलचा चार्जर सॉकेटला ठेवू नका, त्यानेच मीटर पळतो." खाली पंचवीस जणांचे नमस्कार! अहो, फोन न लावलेला चार्जर महिनाभर अहोरात्र भिंतीला लटकत राहिला, तरी पाव युनिटसुद्धा खात नाही. म्हणजे दोन-अडीच रुपये. आणि हे सांगणाऱ्या माणसाच्या बेडरूममध्ये एसी रात्रभर २० वर गारठत असतो.

घरी सासूबाईंचं दुसरंच. "तीनशेच्या आत ठेव गं, एक युनिट वर गेला की सगळं बिल महाग होतं." नाही होत, आई! आपल्याकडे घरगुती बिलाचे टप्पे आहेत: १००पर्यंत, मग ३००पर्यंत, मग ५००पर्यंत आणि त्यापुढे. प्रत्येक टप्प्याचा दर फक्त त्या टप्प्यातल्या युनिटना लागतो. ३०१वा युनिट महाग पडतो, आधीचे तीनशे होते त्याच दराने राहतात. मुंबईत टप्प्यागणिक बदलू शकतो तो वापर शून्य असला तरी भरायचा स्थिर आकार, तेवढा बिलाच्या मागच्या दरपत्रकात बघून घ्या. पण २९८ झाले म्हणून महिन्याच्या शेवटी मुलांना अंधारात बसवण्यात काही अर्थ नाही.

यात दोष निव्वळ लोकांचा नाही. ते बिल लिहिलंच असं असतं की माणसाने मुकाट पैसे भरावेत आणि विचारू नये. वीज आकार एका ओळीत, वीज घरापर्यंत आणण्याचा वहन आकार दुसऱ्या, इंधनाच्या खर्चाचा इंधन समायोजन आकार तिसऱ्या, आणि हा तिसरा महिन्यागणिक बदलणारा. सगळ्याच्या डोक्यावर १६ टक्के वीज शुल्क. हे शुल्क स्थिर आकारावरसुद्धा लागतं, बरं का! गणपतीला गावी गेलात, घराला कुलूप, मेन स्विच बंद, तरी स्थिर आकार आणि त्यावरचं शुल्क भरायचंच. त्या ओळीत वाचवण्यासारखं काहीही नाही, तेव्हा तिच्यावर चिडून मी रक्तदाब वाढवत नाही. चीड येते ती याची, की "तुमचा पुढचा युनिट तुम्हाला इतक्याला पडतो" ही एकच कामाची ओळ कुठेच छापलेली नसते. ती आपणच काढायची.

तर काढूया. खालचे दर मी हिशोब सोपा व्हावा म्हणून गोल धरलेत, खरे दर तुमच्या बिलावरून घ्या. समजा मे महिन्यात ४२० युनिट झाले. पहिले १०० युनिट २ रुपयांनी, पुढचे २०० पाच रुपयांनी, उरलेले १२० सात रुपयांनी. झाला वीज आकार २०४० रुपये. वहन आकार प्रत्येक युनिटला अडीच रुपये, म्हणजे १०५०. स्थिर आकार १४०. इंधनाचा आकार या महिन्यात शून्य धरू. बेरीज ३२३०, त्यावर १६ टक्के, एकूण साधारण ३७४७ रुपये.

इथे सगळे काय करतात? ३७४७ भागिले ४२०, म्हणजे युनिटला नऊ रुपये, आणि मग त्या नऊवर बचतीचे मनोरे. चूक! तुम्ही वाचवलेला युनिट कधीच सरासरीतला नसतो, तो कायम वरच्या टोकाचा असतो. वरच्या टप्प्याचे ७ अधिक वहनाचे अडीच, त्यावर १६ टक्के, म्हणजे ११ रुपये. वाचवत वाचवत ३००च्या खाली उतरलात की हाच युनिट पावणेनऊ रुपयांवर येतो. आणि पहिल्या शंभरातला असेल तर सव्वापाच. म्हणून त्याच उपायाने मे महिन्यात जेवढे पैसे वाचतात तेवढे जानेवारीत वाचत नाहीत. यात कंपनीचा घोटाळा नाही, टप्प्यांचा हिशोबच तसा आहे.

आता हा अकरा रुपयांचा युनिट हातात धरून घरात फिरा. नऊ वॉटचा एलईडी दिवा रोज पाच तास जळला तरी महिन्याला दीड युनिट होत नाही, पंधरा रुपयांची बात. त्यावरून आमच्या घरात रोज किती भांडणं होतात! उलट हॉलमधला जुना पंखा बघा. तो ७५ वॉट घेतो, मुंबईच्या घामात पंधरा तास फिरतो. कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, ३० वॉटचा बीएलडीसी पंखा लावला तर महिन्याला वीस युनिट कमी, म्हणजे उन्हाळ्यात एका पंख्यामागे सव्वादोनशे रुपये. पंखा तीनेक हजारांचा येतो, त्यामुळे दीड वर्षाच्या आसपास पैसे वसूल. पण फक्त जो पंखा दिवसभर फिरतो तोच बदला. पाहुण्यांच्या खोलीतला बदलाल तर जन्मभर वसूल होणार नाही.

आणि एसी. रात्री झोपताना मीटरचं वाचन लिहून ठेवा, सकाळी पुन्हा लिहा. एक रात्र एसी लावून, एक रात्र न लावता. फरक आला सहा युनिट, तर महिन्याला १८०. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो म्हणतो, तापमान एका अंशाने वाढवलं की साधारण ६ टक्के वीज वाचते. २२चा २५ करा आणि सोबत पंखा मंद ठेवा. तीसेक युनिट गेले, साडेतीनशेच्या घरात रुपये आले, एक पैसा खर्च न करता. हे ग्रुपवर टाकलं तर काका म्हणाले, "आमचा इन्व्हर्टर एसी आहे, तो वीज खातच नाही." घ्या!

अजून एक गोष्ट, जी कोणी बघतच नाही: बिलावर आधीच्या आणि आत्ताच्या वाचनाची तारीख. वाचन ३० ऐवजी ३५ दिवसांनी घेतलं तर युनिट जास्त दिसणारच, पण टप्पेही त्याच प्रमाणात लांबले पाहिजेत. ३०० ऐवजी ३५० युनिटपर्यंत मधला दर. तो लांबवलाय की नाही हे टप्प्यांच्या तक्त्यात लगेच दिसतं. नसेल लांबवला तर लेखी तक्रार करा. वाचनाऐवजी "सरासरी" असं लिहिलेलं दिसलं तर आणखी सावध व्हा. २०२० च्या टाळेबंदीत वाचन थांबलं, थंडीच्या महिन्यांच्या सरासरीने बिलं आली आणि जूनमध्ये खरं वाचन झाल्यावर साचलेला सगळा उन्हाळा एकाच बिलात कोसळला. मुंबईभर बोंब झाली. तेव्हा भांडायचा मुद्दा एवढाच होता, की ते युनिट ज्या महिन्यांचे आहेत त्या महिन्यांत वाटून टप्पे लावलेत का. पण आमच्या ग्रुपवर तेव्हाही कोणी बिल उलटून बघितलं नाही. मीटर बदलून मागायचा अर्ज मात्र सगळ्यांनी सह्या करून दिला.