सध्याच्या साहेबाचं नाव न देता रेफरन्स कसे द्यायचे: एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: "तुमचा रेफरन्सवरचा लेख वाचला, पण हे सगळं पुण्या-मुंबईच्या आयटीवाल्यांचं झालं. आमच्याकडं शिरोलीत साहेबाला नुसतं कळलं की पोरगं दुसरीकडं बघतंय, तर यंदाचं इन्क्रिमेंट गेलं म्हणून समजा. मग रेफरन्स आणायचे कुठनं? आणि आधी तयार करा म्हणता ते तर सरळ पढवणं झालं, खोटेपणाच तो. ईमेलचं तर सोडाच, तीन नावं तीन नंबर टाकायला काय लेख लागतोय?"

दादा, साहेबाची भीती तुम्ही उगाच घातलेली नाही, मी ती अगदी धरूनच बोलतो. आपलं कोल्हापूरकडचं शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, सगळी फौंड्रीची दुनिया एकमेकांच्या ओळखीची, एका कंपनीचा क्वालिटी मॅनेजर दुसऱ्या कंपनीच्या मॅनेजरबरोबर आधी कुठंतरी एकत्र काम केलेला असतोय, त्यामुळं बातमी फुटायला वेळ लागत नाही. म्हणूनच आपल्याकडं रेफरन्स जास्त विचार करून निवडावे लागतात असं माझं म्हणणं आहे.

एका पोराचं उदाहरण सांगतो, त्याला विचारून आणि ओळख पुसून. शिरोलीतल्या एका फौंड्रीत क्वालिटीला होता, चार वर्षं झालेली. चाकणच्या एका ऑटो पार्ट्सवाल्या कंपनीत क्वालिटी इंजिनिअरसाठी इंटरव्ह्यू झाले, मग रिक्रूटरनं तीन रेफरन्स मागितले. त्यानं पहिल्यांदा काढलेली यादी अशी होती: सध्याच्या कंपनीचे डायरेक्टर, कॉलेजचे प्राचार्य आणि साखर कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर असलेले त्याचे मामा. तिन्ही नावं वजनदार, पण कामाची एकही नाही. डायरेक्टरनी त्याला काम करताना कधी बघितलेलंच नाही, वर तिथनंच बातमी साहेबाकडं जाणार. प्राचार्यांना तो चेहऱ्यानंसुद्धा आठवला नसता. आणि मामा नातेवाईक, ते कळलं की रिक्रूटर तो रेफरन्स मोजतच नाही. फोनवर पहिला प्रश्नच असतोय की तुम्ही यांना कसं ओळखता आणि यांचं काम जवळनं किती दिवस बघितलंय, तिथंच असा रेफरन्स पडतोय.

मग आम्ही बसून वेगळा विचार केला. त्याचं काम रोज कुणी बघितलंय, आणि त्यातलं आज त्या कंपनीत कोण नाही? आधीचे क्वालिटी हेड दोन वर्षांमागं नोकरी सोडून बेळगावला गेले होते, ते पहिले. दुसरे गिऱ्हाईक कंपनीचे सप्लायर क्वालिटीवाले, जे ऑडिटला यायचे आणि तक्रार आली की याच पोराशी बोलायचे. तिसरे मशीन शॉपचे सुपरवायझर, निवृत्त झालेले, ज्यांच्याकडं याचं कास्टिंग मशीनिंगला जायचं आणि खराब निघालं की पहिली शिवी हेच घालायचे. हुद्द्यानं तिसरे सगळ्यात लहान, पण मला विचाराल तर तिघांत भारी रेफरन्स हाच, कारण ह्या माणसाला कौतुक करायचं काही कारणच नव्हतं. एक मात्र बघायचं, जुना साहेब निवडताना त्याचं आणि आत्ताच्या साहेबाचं उठणं-बसणं आहे का ते. असलं तर तो माणूस कितीही चांगला असू दे, ते नाव राहू द्या. आणि गिऱ्हाईक कंपनीच्या माणसाला स्पष्ट विचारायचं की तुमच्या कंपनीत असं बोलायला चालतंय का, कारण बऱ्याच मोठ्या कंपन्या आपल्या माणसांना सप्लायरच्या लोकांबद्दल मत द्यायला परवानगी देत नाहीत. नाही म्हणाले तर वाईट वाटून घ्यायचं नाही.

आता पढवण्याचं. ह्यावर तुमचा राग समजतो, कारण तसं करणारे लोक आहेत. "काय सांगायचं ते लिहून दे, मी वाचून दाखवतो" असं म्हणणारा माणूस भेटला तर त्याचं नाव मी यादीतनंच काढायला सांगतो, रिक्रूटरनं एक आडवा प्रश्न टाकला की तो गप्प होतोय. तयारी म्हणजे मी काय म्हणतोय ते ह्या पोराच्या गोष्टीत नीट दिसतंय बघा.

त्याच्या सीव्हीत एक ओळ होती, "ब्लो होलचं रिजेक्शन मी निम्म्यावर आणलं". बेळगावच्या साहेबांना त्यानं फोन करून ही ओळ वाचून दाखवली आणि विचारलं, सर तुम्हाला हे कसं आठवतंय? साहेब म्हणाले, अरे रिजेक्शन कमी झालं हे खरं, पण मोल्डिंगच्या वाळूत ओलावा जास्त होतोय हे शोधलं मोल्डिंगवाल्यांनी, तू दर शिफ्टला वाळूचं सॅम्पल घेऊन ओलावा लिहून ठेवायची पद्धत लावलीस आणि ती कुणाला मोडू दिली नाहीस, तुझं काम ते. (वाळूत पाणी जास्त झालं की गरम धातू पडताना त्याची वाफ होते, ती बाहेर पडू शकली नाही की कास्टिंगमध्ये पोकळी राहते, हे फौंड्रीत सगळ्यांना माहीत असतंय.) पोरानं सीव्हीतली ओळ त्याच दिवशी बदलली, "मोल्डिंग टीमबरोबर काम करून" असं घातलं, आणि आधी गेलेल्या सीव्हीच्या जागी नवीन रिक्रूटरला पाठवून दिला. समजा हा फोन झाला नसता, तर रिक्रूटरला साहेबांकडनं एक आणि सीव्हीतनं दुसरं कळलं असतं, आणि साहेब खरं बोलूनसुद्धा पोरगं खोटं ठरलं असतं. म्हणजे तयारीत बदललं काय, तर पोराचा सीव्ही, साहेबांचं मत नाही.

तर प्रत्येकाला फोनवर आधी विचारायचं, "माझ्या कामाबद्दल तुम्हाला मोकळेपणानं चांगलं सांगता येईल का? अवघड वाटत असलं तर तसं सांगा, मी दुसरं बघतो." ही पळवाट द्यायलाच पाहिजे. "दे की नंबर, बघू" असं थंड उत्तर आलं तर तो नकार समजायचा, कारण तोच थंडपणा रिक्रूटरलाही ऐकू जातोय. हो म्हणाले की व्हॉट्सॲपवर तीनच गोष्टी पाठवायच्या: नवीन सीव्ही, नव्या कामाचं चार ओळीत वर्णन, आणि त्यांच्यासमोर झालेल्या एक-दोन कामांची आठवण, तारीख-महिन्यासकट, कारण दोन वर्षांनी माणसाला खरंच आठवत नाही. आणि काय प्रश्न येतील ते सांगायचं. बहुतेक वेळा हेच असतात: किती दिवस एकत्र होता, काम कसं, टेन्शनमध्ये कसा वागतो, कुठं सुधारायला पाहिजे, आणि परत घ्याल का. उत्तरं मात्र सांगायची नाहीत, खास करून "कुठं सुधारायला पाहिजे" ह्याचं. तिथं त्यांना जे वाटतंय तेच येऊ द्या. एक खरी कमी सांगून वर "परत आला तर आजच घेतो" म्हणणारा माणूस, नुसती स्तुती करणाऱ्यापेक्षा रिक्रूटरला जास्त पटतोय.

ईमेलवर लेख का लागतोय? कारण फोन लागला नाही तर वरचं सगळं वाया जातंय. ह्याच पोराच्या मित्राचं तसं झालं, नावं-नंबर दिले, पुण्याच्या नंबरवरनं फोन आले, शॉपच्या आवाजात एकाला ऐकू आले नाहीत, दुसऱ्यानं अनोळखी नंबर म्हणून कट केले, आणि रिक्रूटरनं शेवटी त्याच्या सध्याच्या कंपनीच्या ऑफिसच्या नंबरवर फोन लावला. पुढं काय झालं असेल ते तुम्हीच ओळखा. तीन-चार दिवस रिक्रूटर गप्प झाला की आधी आपल्या रेफरन्सना विचारायचं, फोन आला होता का म्हणून.

मेल जाईल इंग्रजीतच, पण त्यात काय असावं ते कळावं म्हणून मराठीत लिहितो. सब्जेक्टमध्ये तुमचं नाव, पोस्ट आणि "रेफरन्स" एवढं. मग आत:

"नमस्कार मॅडम, आपण मागितल्याप्रमाणे क्वालिटी इंजिनिअर पदासाठी माझ्या तीन रेफरन्सची माहिती देत आहे. तिघांशी बोललो आहे, आपला फोन येणार हे त्यांना माहीत आहे.

पहिले, श्री. ____, सध्या ____ कंपनीत क्वालिटी हेड. 2 वर्षे मी थेट त्यांच्या हाताखाली काम केले. ते माझ्या रोजच्या कामाबद्दल आणि रिजेक्शन कमी करण्याच्या कामाबद्दल सांगू शकतील. मोबाईल ____, ईमेल ____. दुपारी 1 ते 2 किंवा संध्याकाळी 6 नंतर फोन केल्यास बरे, दिवसभर शॉपमध्ये असतात. मराठी आणि हिंदीत मोकळेपणाने बोलतात.

(दुसरे आणि तिसरे ह्याच पद्धतीने.)

एक विनंती. माझ्या सध्याच्या कंपनीला मी अजून कळवलेले नाही, तेव्हा तिथे कृपया आत्ता संपर्क करू नये. ऑफर लेटर मिळून मी राजीनामा दिल्यावर रिपोर्टिंग मॅनेजरचे नाव मी स्वतः देईन. कुणाशी संपर्क झाला नाही तर मला कळवावे. आपला, ____"

भाषेची ओळ लोक घालत नाहीत, मी आग्रहानं घालायला लावतो. आपल्या सुपरवायझरला इंग्रजीत प्रश्न आला की तो "येस, गुड बॉय" एवढंच बोलून फोन ठेवणार, आणि तोच मराठीत दहा मिनिटं तुमच्याबद्दल बोलला असता. वेळेची ओळही तशीच. आणि "काय सांगू शकतील" ही ओळ असली की रिक्रूटर तिघांनाही तेच ते विचारत बसत नाही. ईमेल आयडी शक्यतो रेफरन्सच्या आत्ताच्या कंपनीचा द्यायचा, त्यांची हरकत नसली तर, कारण जीमेल कुणीही काढतंय. निवृत्त माणसाचा जीमेल चालतोय, फक्त "निवृत्त" असं लिहायचं. तिघांना सीसीत ठेवायचं नाही, कुणाचा नंबर कुणाकडं कशाला. मेल गेला की लगेच तिघांना मेसेज: कंपनीचं नाव, फोन करणाऱ्याचं नाव, आणि माहीत असला तर नंबर, म्हणजे ते सेव्ह करतील.

शेवटचं, तुमच्या मूळ भीतीबद्दल. बऱ्याच कंपन्या ऑफरनंतर एखाद्या एजन्सीकडनं बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन करतात, तो वेगळा प्रकार. त्यात एचआरकडनं एम्प्लॉयी कोड, जॉइनिंगची आणि सोडल्याची तारीख, हुद्दा असलं तपासतात. त्या फॉर्ममध्ये सध्याच्या कंपनीशी आत्ता संपर्क करू का असा प्रश्न बहुतेकदा असतोय, लोक घाईत "हो" करून पुढं जातात. तिथं "नाही, रिलीव्ह झाल्यावर" निवडायचं. फॉर्ममध्ये तशी सोय नसली तर फॉर्म भरायच्या आधी रिक्रूटरला मेल करून लेखी घ्यायचं. आणि ऑफर हातात नसताना सध्याच्या साहेबाचाच नंबर पाहिजे म्हणून कुणी अडूनच बसलं, तर त्याच कंपनीत आधी काम केलेला सीनिअर आणि अलीकडची सॅलरी स्लिप देतो असं एकदा सांगून बघा. तरी ऐकत नसतील तर मी ती नोकरी सोडून द्यायला सांगेन, कारण ती मिळाली नाही तर तुमच्या हातची नोकरीसुद्धा त्या एका फोनवर अवघड होऊन बसते.