लेखापरीक्षकाच्या पसंतीस उतरणारी बिले

आपल्या न्यासाला शिवणवर्गासाठी अनुदान मिळाले असून त्यातून प्रत्येकी ८,००० रुपयांची १२ शिलाई यंत्रे घ्यावयाची आहेत, असे समजू. सर्वप्रथम बिल न्यासाच्या नावाने न घेता एखाद्या विश्वस्तांच्या नावाने घ्यावे, कारण दुकानदार त्यांच्या ओळखीचा असतो आणि न्यासाचे लांबलचक नोंदणीकृत नाव लिहिण्याचा त्रास त्याला कशाला द्यायचा? यंत्रे वर्गात आली की विश्वस्तांच्या माजघरात, अशी शंका देणगीदाराच्या लेखापरीक्षकाने काढलीच, तर उदार मनाने बिलामागे एक स्वाक्षरी करून द्यावी.

खरेदी २५,००० रुपयांच्या वर गेल्यास तीन दरपत्रके मागवावीत, असा नियम आपल्याच समितीने कोणे एके काळी ठराव करून घातलेला असतो. त्यावर उपाय सोपा आहे. ९६,००० रुपयांचे एक बिल न घेता तीन-तीन यंत्रांची २४,००० रुपयांची चार बिले घ्यावीत आणि त्यांवर मार्च महिन्यातील चार निरनिराळ्या आठवड्यांच्या तारखा घालाव्यात. दुकानदार ती एकाच बैठकीत लिहीत असल्यामुळे त्यांचे क्रमांक ४१, ४२, ४३ आणि ४४ असे येतील; तरी चिंता नसावी. भर बाजारपेठेतील त्या दुकानात महिनाभर आपल्याखेरीज दुसरे गिऱ्हाईक फिरकलेच नाही, हे लेखापरीक्षकाला आपण गंभीर चेहऱ्याने सांगू शकालच. (तो बिल वाचण्याआधी बिलाचा क्रमांक वाचतो, ही त्याची वाईट खोड आहे.)

अनुदानाची मुदत ३१ मार्चला संपते आणि यंत्रे मे महिन्यात येतात, ही नित्याचीच बाब आहे. बिलावर मार्च असला म्हणजे झाले. मात्र मे महिन्याची मालवाहतुकीची बिल्टी त्याच फाइलमध्ये नीट टाचून ठेवण्यास विसरू नये. साठा नोंदवहीत माल केव्हा आला याची नोंद करायची झाल्यास ती तपासणीच्या आदल्या रात्री, एकाच पेनाने, सलग करावी.

मूळ बिलावर अमुक अनुदानातून खर्च झाल्याचा शिक्का मारून चांगला कागद खराब करू नये. कोरे राहिलेले बिल पुढे दुसऱ्या देणगीदारालाही दाखवता येते, आणि दोघांचे लेखापरीक्षक एकमेकांना ओळखत नाहीत, असा विश्वास बाळगावा.

एवढे करूनही एखादा हट्टी लेखापरीक्षक थेट वर्गात जातो, यंत्राच्या अंगावर कोरलेला क्रमांक वाकून वाचतो आणि बिलाशी ताडून पाहू लागतो. म्हणून दुकानदाराला बिलावर यंत्रांचे क्रमांक लिहू देऊ नयेत. ‘शिलाई यंत्रे, नग ३’ एवढा मजकूर पुरे. मग विश्वस्तांच्या घरचे जुने यंत्रही तपासणीच्या दिवसापुरते बारावे म्हणून रांगेत उभे करता येते.