स्क्रीनवरची रेंज सोडा, मीटरवरचे युनिट बघा

आमच्या विंगमधले एक काका इलेक्ट्रिक स्कूटर विकायला निघालेत. तीन वर्षं झाली, पूर्वी फुल चार्जवर 83 किलोमीटर जायची, आता जेमतेम 62 जाते, म्हणजे बॅटरी गेली असा त्यांचा हिशोब. मला तो पटला नाही. किलोमीटर कमी झाले म्हणजे बॅटरीच म्हातारी झाली, असं नसतं.

त्यांची बॅटरी 3 किलोवॅट-अवरची, रोजचा रस्ता बोरिवली ते बीकेसी. हायवेवर मोकळं मिळालं की पासष्ट-सत्तरचा वेग, म्हणजे किलोमीटरला 36 वॅट-अवरच्या आसपास खर्च. 3000 भागिले 36, झाले 83. कंपनीचा त्याहून मोठा आकडा चाचणीतल्या ठरावीक, संथ वेगाचा असतो. वेग वाढला की हवेचा विरोध त्याच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे हायवेवर रेंज पडणारच.

आता बॅटरी किती उरली हे कसं कळणार? आमच्या पार्किंगच्या चार्जिंग पॉइंटला सबमीटर आहे, तो बिलासाठी बसवलेला, पण खरा उपयोग इथे होतो. नवी असताना 20 टक्क्यांपासून 100 पर्यंत चार्ज करायला मीटरवर साधारण 2.75 युनिट पडायचे (चार्जरमध्ये वाया जाणारी वीज धरून). काकांना तसंच चार्ज करायला लावलं, तर पडले 2.4. म्हणजे बॅटरी साधारण 87 टक्के शाबूत. तेवढ्याने रेंज 72 वर यायला हवी, 62 वर नाही. उरलेले दहा किलोमीटर कुठे गेले? टायरमध्ये हवा कमी होती आणि मागचा ब्रेक घासत होता. स्टँडवर लावून चाक हाताने फिरवलं तर लगेच कळलं. ही दुरुस्ती बॅटरी बदलण्याच्या तुलनेत किरकोळ.

एक खबरदारी मात्र हवी. एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारच्या बॅटरीचा व्होल्टेज बराच वेळ जवळपास सपाट राहतो, त्यामुळे टक्क्यांचा अंदाज हळूहळू चुकत जातो. म्हणून मोजण्याआधी एकदा शंभरपर्यंत नेऊन चार्जिंग आपणहून थांबेपर्यंत प्लग काढू नका. एका मोजणीवर निकालही लावू नका.

एनएमसी, म्हणजे निकेल-मँगनीज-कोबाल्ट प्रकारची बॅटरी असेल तर रोज ऐंशीला थांबवणं बरं, लांब जायचं त्याच सकाळी शंभर. आपल्याकडे थंडीची भीती नाही, उकाड्याची आहे. उन्हात तापलेली गाडी आणून लगेच चार्जिंगला लावणं, आणि शंभर टक्के भरलेली गाडी मे महिन्यात गावाला जाताना पंधरा दिवस तशीच ठेवून देणं, या दोन सवयी बॅटरीला सर्वांत जास्त खातात. जाताना पन्नास टक्क्यांच्या आसपास ठेवा.

काका आता गाडी ठेवणार म्हणतायत. पण वॉरंटीच्या कागदावर क्षमता किती टक्क्यांखाली गेली तर बॅटरी बदलून मिळते, ते त्यांनी अजून वाचलेलं नाही. आणि ज्यांना सेकंडहँड घ्यायची आहे, त्यांनी विकणाऱ्याकडे रेंज विचारू नये, वीस ते शंभरला किती युनिट लागतात ते विचारावं.