सोनोग्राफी सकाळी, दुखणं संध्याकाळी

«मैत्रिणींनो, ओटीपोटात सारखं जड वाटतं, संध्याकाळी दुखतं? सोनोग्राफी नॉर्मल असेल तर आत काहीही नाही, हे कामाचं टेन्शन आणि गॅस. तरीही दुखत राहिलं आणि मुलं झालेली असतील, तर पिशवी काढून टाका, कटकट कायमची संपते. जास्तीत जास्त महिलांपर्यंत पोहोचवा.»

हा मेसेज गेल्या महिन्यात माझ्याकडे चार वेळा आला. त्यातला एक माझ्या सख्ख्या मावशीचा. मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, आणि यातल्या दोन सल्ल्यांमुळे वर्षानुवर्षं फिरत राहिलेल्या बायका ओपीडीत बघते. त्यातल्या एकीची हकिगत सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.

सदतीस वर्षांच्या शिक्षिका, दोन बाळंतपणं झालेल्या. सकाळी उठल्यावर काही नाही. तिसऱ्या तासाला फळ्यापाशी उभ्या असताना डाव्या बाजूला ओढल्यासारखं व्हायला लागायचं. शाळा सुटेपर्यंत ओटीपोटात दगड ठेवल्यासारखं जड. घरी येऊन अर्धा तास आडवं पडलं की उतरायचं. पाळीच्या आधीच्या आठवड्यात जास्त. बऱ्याच वेळाने, मान खाली घालून त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली: संबंधानंतर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ठणकत राहतं. दुसऱ्या खेपेला योनीच्या बाहेरच्या बाजूला निळ्या शिरा फुगल्या होत्या, त्या बाळंतपणानंतर बऱ्याचशा बसल्या, पण मांडीच्या मागे काही राहिल्याच.

त्यांच्या फाइलमध्ये तीन सोनोग्राफी होत्या, तिन्ही नॉर्मल. आणि तिन्ही सकाळी, पाठीवर झोपवून, पोटावरून केलेल्या.

सोनोग्राफीचा मुद्दा इथेच येतो. बीजकोशातून वर जाणाऱ्या शिरेत रक्त खाली घसरू नये म्हणून झडपा असतात. गरोदरपणात या शिरांतून वाहणारं रक्त कित्येक पटींनी वाढतं, शिरा ताणून रुंद होतात, आणि काहींच्या बाबतीत झडपांची तोंडं पुन्हा नीट मिटत नाहीत. मग उभं राहिलं की वरचं रक्त गुरुत्वाकर्षणाने खाली येतं आणि गर्भाशय व बीजकोशाभोवतीच्या शिरांच्या जाळ्यात साचतं. पायाच्या व्हेरिकोज व्हेन्स आपल्याला दिसतात. हा तोच प्रकार, फक्त पोटाच्या आत. याला पेल्विक कंजेशन सिंड्रोम म्हणतात. डावी बाजू जास्त का? उजवी शीर बहुधा थेट शरीराच्या मोठ्या शिरेला तिरकी मिळते, डावी मात्र डाव्या मूत्रपिंडाच्या शिरेला जवळजवळ काटकोनात जाऊन मिळते.

आता अशा बाईला रात्रभराच्या झोपेनंतर, सकाळी आडवं झोपवून तपासलं तर काय दिसणार? शिरा रिकाम्या झालेल्या असतात. दुर्बिणीच्या तपासणीतही हेच होतं, कारण तिथे डोक्याची बाजू खाली केलेली असते आणि पोटात गॅस भरलेला असतो. त्या दाबाने शिरा चपट्या होतात. तपासणी गाठी, सिस्ट, फायब्रॉइड शोधण्यासाठी मागवलेली असते आणि ती त्याचं उत्तर देते. ‘नॉर्मल’चा अर्थ तेवढाच.

बाईंना मी शाळा सुटल्यावर, संध्याकाळी पाचला बोलावलं. आतून सोनोग्राफी, सोबत डॉपलर. डोक्याची बाजू उंच ठेवून त्यांना कुंथायला सांगितलं. डावी शीर आठ मिलिमीटर भरली, आणि कुंथताना त्यात रक्त उलटं, खालच्या दिशेने वाहताना दिसलं. साधारण सहा मिलिमीटरच्या पुढे संशय घ्यावा असं मानतात, पण नुसत्या रुंदीपेक्षा उलटा प्रवाह महत्त्वाचा. बेंबी आणि कमरेच्या पुढच्या हाडाच्या टोकामधल्या रेषेवर, बीजकोशाच्या जागी दाबलं तर त्यांचं नेहमीचंच दुखणं उमटलं. ही खूण आणि संबंधानंतरचा ठणका, दोन्ही एकत्र असले की या आजाराची शक्यता बरीच वाढते. गॅसने असं होत नाही. टेन्शनचं म्हणाल तर सहा महिन्यांहून जास्त काळ रोज दुखत असेल, तर टेन्शन येणारच. आधी दुखणं, मग टेन्शन.

आता पिशवीबद्दल, आणि इथे मी जरा जास्त लिहिणार आहे. आपल्या राज्यात हा सल्ला नुसता मेसेजपुरता नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या पिशव्या मोठ्या संख्येने काढल्या गेल्याचं 2019 साली उघड झालं आणि त्यावर सरकारला समिती नेमावी लागली. ‘मुलं झाली, आता काय उपयोग’ हे वाक्य मी आजही ऐकते. पण बिघाड शिरेच्या झडपांत आहे. पिशवी काढली तरी बीजकोशाची शीर वरून खाली तशीच उघडी राहते, आणि दुखणं अनेकदा उरतं. सोबत दोन्ही बीजकोशही काढले तर इस्ट्रोजेन बंद होऊन शिरा आकसतात आणि बऱ्याच जणींना फरक पडतो, हे मान्य. पण सदतिसाव्या वर्षी आलेली रजोनिवृत्ती हाडं, हृदय आणि झोप यांच्याकडून किंमत वसूल करते. मोठा फायब्रॉइड किंवा न थांबणारा रक्तस्राव असेल तर पिशवी काढणं योग्य ठरू शकतं. तो वेगळा आजार, त्याचं वेगळं कारण.

बाईंना आधी काही महिने मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन या हार्मोनच्या गोळ्या दिल्या. दुखणं निम्म्यावर आलं, पण पोट फुगलं, वजन वाढलं, आणि गोळ्या थांबवल्यावर सगळं परत. मग सीटी स्कॅनमध्ये मूत्रपिंडाची डावी शीर दोन धमन्यांमध्ये चेपली जात नाही ना, आणि डाव्या पायाकडून येणारी मोठी शीर दाबली जात नाही ना, हे पाहिलं. ते असेल तर नुसती बीजकोशाची शीर बंद करून भागत नाही. साचलेल्या रक्ताची पळवाट बंद होते आणि अडथळा तसाच राहतो. त्यांना तसं काही नव्हतं. इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्टने मानेतल्या शिरेतून बारीक नळी घालून, भूल फक्त तेवढ्या जागेपुरती देऊन, डावी शीर कॉइल म्हणजे धातूच्या बारीक वेटोळ्या आणि औषधी फेस वापरून बंद केली. त्याच संध्याकाळी त्या घरी. पहिला आठवडा कंबर दुखली, बारीक ताप आला. तीन महिन्यांनी त्या म्हणाल्या, “शेवटच्या तासालाही उभी असते. पाळीआधी दोन दिवस जाणवतं अजून.” बहुतेकींना फरक पडतो, सगळ्यांना नाही, आणि काहींना दुखणं परत येतं. कॉइल सरकण्याचा धोका थोडा, पण असतो.

मावशीला उत्तर लिहिताना मी एक उलटी गोष्टही घातली. बाळंतपणं झालेल्या कित्येक बायकांच्या सीटी स्कॅनमध्ये या शिरा सहज रुंद दिसतात आणि त्यांना काहीच होत नसतं. दुखत नसेल तर रिपोर्ट पाहून कॉइल घालून घेऊ नये. आणि दुखणं पाळीच्याच दिवसांत कळवळून येत असेल, झोपल्यावरही तसंच राहत असेल, लघवी किंवा शौचाशी जोडलेलं असेल, तर आधी एंडोमेट्रिऑसिस, मूत्राशय आणि आतडं पाहायचं. एकाएकी जोरात दुखलं, ताप आला किंवा रजोनिवृत्तीनंतर रक्त दिसलं, तर त्याच दिवशी डॉक्टर.

मावशीचं उत्तर आलं: “मला तर उभं राहून काही होत नाही, गुडघेच दुखतात.”