मर्यादा वाढवून मिळणेबाबत

आमच्या चिरंजिवांचं वय अकरा. पण घरातल्या गेमच्या कन्सोलला विचाराल तर ते माझ्याहून सहा वर्षांनी मोठे आहेत. जन्मतारीख १ जानेवारी १९७५. दुकानातल्या पोरानं यंत्र चालू करून देताना वर्षाच्या रकान्यावर बटण दाबून धरलं, आकडा जिथं थांबला तिथं 'ओके' केलं आणि "झालं काका, खेळा आता" म्हणून बिल हातात ठेवलं. काका म्हणाला त्याचा राग वेगळा, तो मी इथं काढत नाही.

हा ज्येष्ठतेचा घोळ मला कळला तो पालक-नियंत्रण लावायला बसलो तेव्हा. खेळायला वेळ किती, खर्च किती आणि कोणत्या वयाचे गेम, असे तीन लगाम असतात आणि ते फक्त लहान मुलाच्या खात्याला लागतात. आमच्याकडे लहान मूल नव्हतंच. एक पन्नाशीतले गृहस्थ होते आणि त्यांना रोज संध्याकाळी दूध प्यायला हाका माराव्या लागत. जन्मतारीख बदलायला गेलो तर ती एकदा टाकली की बदलता येत नाही म्हणे. मोठ्या माणसाचं खातं लहान मुलाचं करता येत नाही. उपाय एकच: आधी माझं खातं काढायचं, मी 'कुटुंब व्यवस्थापक' व्हायचं (घरात हे पद मला पहिल्यांदाच मिळत होतं) आणि माझ्या हाताखाली खऱ्या तारखेचं नवीन खातं काढायचं.

"आणि माझी टीम?" चिरंजीव.

फुटबॉलची टीम. सबंध मोसम खपून जमवलेली. ती जुन्या खात्याला चिकटलेली, नव्यात येत नाही. पोरगा काही बोलला नाही, नुसता आत गेला. घरात सुतक पडलं.

नेमके तेव्हाच बी-विंगचे नाना टँकरची वर्गणी मागायला आले. नाना म्हणजे राष्ट्रीयीकृत बँकेतून शाखाधिकारी म्हणून निवृत्त. निवृत्त फक्त कागदोपत्री. वर्गणी घेतली, पावती फाडली आणि जायचं सोडून माझ्या शेजारी सोफ्यावर टेकले.

"काय चाललंय?"

"मुलाला खर्चाची मर्यादा घालतोय, नाना."

मर्यादा हा शब्द कानावर पडताच त्यांनी खिशातून चष्मा काढला.

"कॅश क्रेडिट की ओव्हरड्राफ्ट?"

"अहो, गेममधल्या खरेदीची. महिन्याला अमुक रुपये."

"सँक्शनिंग अथॉरिटी कोण?"

"मी."

"आणि पैसे कुणाच्या खात्यातून जाणार?"

"माझ्याच. त्याला वेगळं पाकीट नाही. माझ्या पाकिटातून कापले जातात, त्याच्या मर्यादेपर्यंत."

"म्हणजे कर्जदार तो, जामीनदार तू, आणि मंजुरी देणाराही तू?" नानांनी चष्म्यावरून पाहिलं. "आमच्याकडे असल्या मॅनेजरला सस्पेंड करायचे."

त्यांचं म्हणणं चूक नव्हतं, हाच त्रास. आकडा टाकला की आपण सुटलो असं वाटतं, पण तो आकडा मुलाच्या खात्याला असतो. यंत्र चालू झालं की पडद्यावर सगळ्यांची चित्रं ओळीनं येतात. पोरानं स्वतःचं सोडून माझं चित्र निवडलं की ना मर्यादा, ना वेळ, ना वय. तेव्हा आधी माझ्या प्रोफाइलला पिन हवा. मग खरेदी करताना दरवेळी पासवर्ड विचार, हे चालू करायचं. शिवाय 'नवीन वापरकर्ता तयार करणे' आणि 'पाहुणा म्हणून प्रवेश' हे दोन दरवाजे बंद करायचे. ते उघडे ठेवले की पोरगा पाहुणा म्हणून आत येतो, आणि पाहुण्याला कोण विचारतं. हे सगळं ज्या मुख्य पिनमागे असतं तो माझ्या यंत्रात मुळात होता चार शून्यं. तो बदलला नाही तर बाकीची उठाठेव वाया.

मी बदलायला घेतला. पडद्यावर आकड्यांच्या जागी ठिपकेच दिसत होते, पण नानांची नजर माझ्या अंगठ्यावर. शिवाय सही पडताळताना मोठ्यानं वाचायची त्यांची जुनी सवय.

"सात... चार... एक... एक. बरोबर आहे का रे?"

आतल्या खोलीतला सुतकाचा हुंदका जागच्या जागी थांबला.

मी पुन्हा नवीन पिन घेतो म्हणालो, तर नानांनी हात धरला. "एका माणसाकडे पूर्ण किल्ली द्यायचीच नाही. तिजोरीला दोन किल्ल्या असतात. एक मॅनेजरकडे, एक कॅशियरकडे. पहिले दोन आकडे तू टाक, पुढचे दोन सूनबाईंना टाकू दे. आपण तोंडं फिरवू." हिला ही कल्पना इतकी आवडली की ती कणीक माखल्या हातानं बाहेर आली आणि करंगळीनं दोन आकडे दाबून गेली. परिणाम असा की यंत्राचा कुटुंब व्यवस्थापक मी, पण कसलंही सेटिंग बदलायचं तर तिला हाक मारावी लागते. आमच्या लग्नाची थोडक्यात हकीगत सांगायची तर मी हल्ली हेच सांगतो.

पुढं पाकिटात थोडे पैसे भरायला गेलो तर कार्ड तिच्या खात्यावरचं, म्हणून ओटीपी तिच्या फोनवर. नाना खूश. "बघ! १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदारांना तुझा कार्ड नंबर स्वतःकडे ठेवता येत नाही. नुसतं टोकन ठेवायचं. आणि वर प्रत्येक खरेदीला ओटीपी. कुणाची कृपा? रिझर्व्ह बँकेची!" हे सांगताना त्यांची छाती अशी फुगली होती की जणू ते परिपत्रक त्यांनीच टाइप केलं होतं. पण त्यातून शहाणपण निघालं ते असं की कार्ड जोडूच नये, महिन्याला लागेल तेवढीच रक्कम पाकिटात टाकावी. मर्यादेचं कुलूप उघडलंच तरी आत असणार काय?

वयाचं प्रकरण सोपं वाटलं होतं. कुठला गेम कोणत्या वयाला चालेल हे सांगणारी पेगी नावाची वर्गवारी युरोपात २००३ पासून आहे: ३, ७, १२, १६, १८. मी बारा लावलं. मावसभावाकडून आणलेली झोंबीवाली डिस्क घातली तर यंत्रानं उघडायला नकार दिला. शाब्बास. आणि तो फुटबॉलचा गेम? वय ३. तीन! कारण या गेमला आकडा देताना वर्गवारीनं रक्त, भीती, शिव्या, नग्नता असलं बघितलं. फुटबॉलमध्ये तसलं काही नाही. त्यात आहेत खेळाडूंची बंद पाकिटं. पैसे मोजायचे, पाकीट फोडायचं, आत कुठला खेळाडू निघेल ते नशिबावर. जत्रेतल्या लकी ड्रॉसमोर मी पोराला उभा राहू देणार नाही, आणि इथं तेच तीन वर्षांच्या बाळाला चालतंय. २०२० पासून डब्यावर 'गेममध्ये खरेदी, यादृच्छिक वस्तूंसह' अशी बारीक सूचना येऊ लागली, पण सूचनेनं वयाचा आकडा हलला नाही आणि माझ्या गाळणीला फक्त आकडा कळतो. बेल्जियमनं २०१८ मध्ये असल्या पाकिटांना जुगार ठरवलं. आम्ही बेल्जियममध्ये राहत नाही. आम्ही बी-विंगच्या समोर राहतो.

थोडक्यात, या बाबतीत वयाचा लगाम कुचकामी, सगळी भिस्त पैशाच्या मर्यादेवर. हे खोक्यावर कुणी लिहीत नाही. 'पालकांसाठी सुरक्षित' असं मात्र हसऱ्या कुटुंबाच्या फोटोखाली लिहितात.

उरली वेळ. रोज एक तास, संध्याकाळी पाच ते आठ या दरम्यान. सोमवारी पाच वाजता पोरानं यंत्र लावलं तर 'ही तुमची खेळायची वेळ नाही'. सहाला नाही, आठला नाही. आणि रात्री साडेदहाला, पोरगा दात घासत असताना, यंत्र खुशाल उघडलं. मला वाटलं उलटं लागलंय. नानांना जिना चढून वर बोलावणं आलं. त्यांनी कागदावर आकडेमोड केली. पाचाचे साडेदहा, फरक साडेपाच तास. "अरे, हे ग्रीनिच! आमचे फॉरेन एक्सचेंजचे टेलेक्स असेच यायचे." खरंच, मुलाच्या खात्याचा टाइम झोन यंत्रापासून वेगळा, खात्यातच लावावा लागतो आणि तो मुळातच ग्रीनिचवर होता. टीव्हीच्या पडद्यावरचं घड्याळ बरोबर, पण खात्यातला दिवस पहाटे साडेपाचला उजाडणारा. तेव्हा तुमचंही यंत्र भलत्या वेळेला सोवळं पाळत असेल तर आधी फरक मोजा. साडेपाच निघाला तर दुरुस्तीवाल्याला बोलावू नका.

वेळ संपल्यावर काय करायचं याचेही दोन पर्याय असतात. 'फक्त कळवा' लावलं, तर कोपऱ्यात एक पट्टी येते, पोरगा ती वाचून खेळत राहतो. 'बाहेर काढा' लावलं, तर अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला, एक-एक बरोबरी असताना, पडदा जातो. ऑनलाइन सामन्यात मधून उठलं की हार धरतात. त्या संध्याकाळी जे रडणं झालं ते खालच्या मजल्यापर्यंत गेलं, आणि मला, स्वतःच्या घरात, स्वतःच्या पोराची माफी मागावी लागली, एका यंत्राच्या वतीनं. आता शेवटचा सामना वीस मिनिटं उरलेली असतील तरच सुरू करायचा असा तह आहे. अडलंच तर तो पडद्यावरून जादा वेळ मागतो आणि विनंती माझ्या फोनवर येते. ती येते नेमकी साहेबांच्या केबिनमध्ये, फोन टेबलावर उताणा असताना. साहेब वाचतात. "द्या की पंधरा मिनिटं," म्हणतात. माझी रजा मात्र अजून त्यांच्याकडे पडून आहे.

परवा महिना संपत आला आणि मर्यादाही. चिरंजीव हट्ट न करता शांत बसले तेव्हाच मला संशय यायला हवा होता. काल जेवणाच्या टेबलावर वहीचं पान सापडलं. समास आखलेला, वरती दिनांक. 'विषय: चालू महिन्याची खर्चमर्यादा दोनशे रुपयांनी वाढवून मिळणेबाबत. महोदया, वरील विषयास अनुसरून...' जुन्या खात्यातल्या टीमचं झालेलं नुकसान कारण म्हणून तपशीलवार मांडलेलं. खाली हिरव्या शाईत नानांचं वळण: 'अर्जदाराचा पूर्वेतिहास समाधानकारक. मंजुरीस हरकत नाही.' त्याखाली हिची सही, कणकेच्या बोटासकट.

माझंही नाव होतं. शेवटच्या ओळीत, 'प्रत माहितीसाठी' असं लिहून.